चार पेले, चार उच्चार



इसवी सन 200 च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी ज्यूंची मौखिक परंपरा एकत्र केली. त्या संग्रहाला मिश्ना म्हणतात. त्यातल्या वल्हांडणाविषयीच्या शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक नियम आहे. इस्रायलमधल्या गरिबातल्या गरीब माणसानेही त्या रात्री रेलून बसल्याशिवाय जेवू नये, आणि त्याच्यासाठी द्राक्षारसाच्या चार पेल्यांपेक्षा कमी तजवीज करू नये, मग तो गावच्या धर्मादाय ताटातले अन्न खाणारा का असेना. धर्मादाय ताट हे अगदी शेवटचे टोक. ज्याच्या घरी दोन वेळांचीही सोय नाही अशालाच त्यातून खायची परवानगी होती. अशा माणसाला भाकरी कमी मिळाली तर चालेल, पेले मात्र चारच हवेत, असे हा नियम म्हणतो.

पुढच्या टीकाकारांनी तो आणखी कडक केला. चार पेल्यांपुरते पैसे नसतील तर माणसाने अंगावरचा कपडा विकावा, कर्ज काढावे किंवा मजुरीला जावे, असे सोळाव्या शतकातल्या शुल्हान आरुख या ग्रंथात नोंदलेले आहे. द्राक्षारस सोसत नाही किंवा आवडतच नाही, अशांनाही त्याने सवलत दिली नाही. तालमूदमध्ये रब्बी यहुदा बार इलाई यांची हकीकत येते. वल्हांडणाचे चार पेले घेतले की शावुओतच्या सणापर्यंत, म्हणजे पुढचे सात आठवडे, त्यांना कपाळाला पट्टी बांधून फिरावे लागे. तरीही दरवर्षी ते पेले घेत.

पिण्याच्या एका कृतीवर एवढा भर का, हे आज पाहायचे आहे. त्यासाठी निसान महिन्याच्या पंधराव्या रात्री मांडल्या जाणाऱ्या वल्हांडणाच्या विधिपूर्वक जेवणाशी, सेदरच्या टेबलाशी, जाऊन प्रत्येक पेल्यापुढे काय म्हटले जाते ते ऐकावे लागेल. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हे चार पेले चार उच्चारांचे आहेत. पेला ज्या वाक्यावर उचलला जातो ते वाक्य काढून घेतले, तर उरतो तो फक्त द्राक्षारस.

हे माझे मत झाले, पण त्याला बाबिलोनी तालमूदमधल्या एका निर्णयाचा आधार आहे. तिथे विचारले आहे की एखाद्याने चारही पेले एकापाठोपाठ एक पिऊन टाकले तर काय? उत्तर असे की त्याने द्राक्षारस प्यायला हे खरे, पण चार पेल्यांचे कर्तव्य मात्र पार पडले नाही. शेजारीच दुसरा निर्णय आहे. त्या काळचा द्राक्षारस घट्ट असे आणि एकास तीन पाणी घालून तो पीत. कुणी पाणी न घालता नुसताच प्यायला तर पेल्यांची संख्या भरली, पण स्वातंत्र्याची रीत पाळली गेली नाही. मोकळा माणूस सावकाश, मिसळून, रेलून पितो. म्हणून त्या रात्री डाव्या कुशीवर रेलूनच पेला घ्यायचा. हे कर्तव्य स्त्रियांनाही पुरुषांइतकेच लागू आहे. रब्बी यहोशुआ बेन लेवी यांनी त्याचे कारण असे दिले की मिसरमधून सुटकेचा चमत्कार घडला तेव्हा त्याही त्यात होत्या.

पेल्याचे माप म्हणजे एक रेविईत, दीड अंड्याच्या आकारमानाइतके. आजच्या हिशोबात हे माप किती, यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. रब्बी हैम नाए यांच्या मते सुमारे 86 मिलिलिटर, तर हझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बींच्या मते सुमारे 150. निदान पेल्याचा बराचसा भाग प्यायला हवा, यावर दोघांचेही एकमत आहे.

आता पहिला पेला. त्याच्यावर किद्दुश म्हटले जाते, म्हणजे त्या दिवसाला पवित्र ठरवणारे वचन. आधी द्राक्षारसाचा आशीर्वाद येतो. त्यात वेलीचे फळ निर्माण करणाऱ्या, विश्वाचा राजा असलेल्या देवाला धन्य म्हटले जाते. याला ‘बोरे पेरी हगेफेन’ म्हणतात. त्यानंतरच्या लांब आशीर्वादात देवाने आम्हांला निवडले, आनंदासाठी सण दिले, आणि आमच्या स्वातंत्र्याचा हा ऋतू मिसरमधून निघाल्याच्या स्मरणार्थ दिला, असा आशय आहे. त्याचा शेवट इस्रायलला आणि सणांना पवित्र करणाऱ्या देवाच्या नावाने होतो. मग ‘शेहेहेयानू’ म्हणतात. आम्हांला जिवंत ठेवून या दिवसापर्यंत आणले, याबद्दलची ही कृतज्ञता.

हा क्रमही वादातून ठरलेला आहे. शम्मायच्या शिष्यांचे म्हणणे असे की आधी दिवसाला आशीर्वाद द्यावा, मग द्राक्षारसाला, कारण दिवस आला म्हणूनच द्राक्षारस टेबलावर आला. हिल्लेलचे शिष्य म्हणाले की द्राक्षारस समोर आहे म्हणूनच किद्दुश म्हणता येते. शिवाय द्राक्षारसाचा आशीर्वाद वर्षभर वारंवार येतो, दिवसाचा क्वचित, आणि जे वारंवार येते ते आधी. चालू राहिली ती हिल्लेलची रीत.

सेदर शनिवारी रात्री आला तर काय होते ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. शब्बाथ संपतो आहे आणि सण सुरू होतो आहे. एरवी शब्बाथ संपताना पवित्र आणि सामान्य यांच्यात भेद करणाऱ्या देवाला धन्य म्हणतात. पण आज शब्बाथमागून सामान्य दिवस येतच नाही, दुसरा पवित्र दिवस येतो. म्हणून त्या एकाच पेल्यावर पाच आशीर्वाद ठरावीक क्रमाने म्हणायचे: द्राक्षारस, दिवस, ज्योत, भेद आणि ऋतू. भेदाच्या आशीर्वादाचा शेवट तेव्हा ‘पवित्र आणि पवित्र यांत भेद करणारा’ असा होतो. ज्योतीचा आशीर्वाद नवी काडी न ओढता सणाच्या आधीच लावलेल्या दिव्यावर म्हणतात, कारण सणाच्या दिवशी नवा अग्नी पेटवायचा नसतो. यजमानाने सवयीने नेहमीचे किद्दुश म्हणून पेला खाली ठेवला तर भेदाचे वचन राहून जाते. म्हणून अशा वर्षी आधीच पानावर खूण करून ठेवलेली बरी.

पहिला पेला झाल्यावर हात धुतात, हिरवा पाला मिठाच्या पाण्यात बुडवून खातात आणि मधली मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, मोडतात. आणि जेवण वाढायच्या आधीच दुसरा पेला भरतात. मिश्ना सांगते की इथे मुलगा बापाला विचारतो. एका पेल्यानंतर जेवण यायला हवे होते, त्याऐवजी दुसरा पेला भरला जातो आहे, हे पाहूनच मुलाच्या मनात प्रश्न उभा राहावा अशी ही योजना आहे. पेला भरला तरी पिता मात्र येत नाही. पूर्ण कथा होईपर्यंत तो समोरच राहतो. चारांपैकी सर्वांत जास्त वेळ टेबलावर भरलेला राहणारा पेला हाच, आणि त्याच्याभोवतीच सेदरचा मोठा भाग उभा आहे.

कथा वाचताना पेला उचलायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा, असे चालू राहते. देवाचे वचन पिढ्यान्‌पिढ्या आमच्या पाठीशी उभे राहिले, हे म्हणताना पेला हातात. दहा पीडांच्या वेळी पुष्कळ घरांत पेल्यातले थेंब बाहेर काढतात. रक्त, अग्नी आणि धुराचे खांब यांसाठी तीन थेंब, दहा पीडांसाठी दहा, आणि रब्बी यहुदाने त्या दहांची आद्याक्षरे जोडून केलेल्या तीन संक्षेपांसाठी आणखी तीन, असे सोळा. बोट बुडवून थेंब टाकणे ही युरोपातल्या आश्केनाझी ज्यूंची चाल. ज्या रात्री आपली सुटका झाली त्याच रात्री दुसऱ्या कुणाचा नाश झाला, म्हणून आपला पेला काठोकाठ भरलेला ठेवायचा नाही, असे त्याचे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते नंतरचे आहे, पण मला ते मनापासून पटते.

कथेच्या शेवटी स्तुतिगीतांचा, म्हणजे हल्लेलचा, पहिला भाग येतो. तो कुठे थांबवायचा यावरूनही दोन पीठांत मतभेद होता. शम्मायचे शिष्य 113 व्या स्तोत्रापाशी थांबत. 114 व्या स्तोत्रात इस्रायल मिसरमधून निघाल्याचा उल्लेख आहे आणि त्यांचा आक्षेप असा की रात्रीच्या या प्रहरी लोक अजून निघाले तरी कुठे आहेत? ते तर दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. हिल्लेलचे शिष्य म्हणाले, कोंबडा आरवेपर्यंत थांबलात तरी निघायची वेळ व्हायची नाही. एकदा वचन म्हणायला घेतले की पुरे करावे. या वादातून दिसते की ही माणसे टेबलाशी बसून फार जुनी आठवण सांगत नव्हती. ती मिसरमध्येच होती, आणि घड्याळ त्या रात्रीचे चालू होते.

मग सुटकेचा आशीर्वाद. त्याची शब्दयोजना कशी असावी यावर मिश्नेत दोन मते नोंदली आहेत. रब्बी तारफोन थोडक्यात सांगतात: ज्याने आम्हांला सोडवले आणि आमच्या पूर्वजांना मिसरमधून सोडवले तो देव धन्य. तिथेच ते थांबतात. शेवटी आशीर्वादाची मुद्रा उमटवणारे समापन ते जोडत नाहीत. रब्बी अकिवा त्यापुढे जातात. असेच आम्हांला पुढच्या सणांपर्यंत शांततेने पोहोचव, तुझ्या नगराच्या उभारणीत आणि तुझ्या उपासनेत आनंदित कर, तिथल्या यज्ञांचे अन्न आम्ही पुन्हा खाऊ, असे मागून ते इस्रायलला सोडवणाऱ्या देवाच्या नावाने समारोप करतात. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले होते. वल्हांडणाचे कोकरू त्या मंदिरातच अर्पण होत असे. ते आता टेबलावर नव्हते. तारफोन झालेल्या सुटकेवर थांबले. अकिवांना ती सुटका अपुरी वाटली, आणि मागणे जोडल्याशिवाय त्यांना पेला उचलवेना. इसवी सन 132 मध्ये बार कोखबाने बंड केले तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणारे हेच अकिवा. आज जगभर दुसऱ्या पेल्यावर म्हणतात तो आशीर्वाद अकिवांच्या धाटणीचा आहे.

इथे पेला प्यायचा, आणि इथेच दोन परंपरा वेगळ्या होतात. आश्केनाझी लोक चारही पेल्यांवर वेलीच्या फळाचा आशीर्वाद स्वतंत्रपणे म्हणतात. सफार्दी रीतीत तो फक्त पहिल्या आणि तिसऱ्या पेल्यावर म्हणतात. सफार्दींचे गणित सरळ आहे. पहिल्या पेल्यावर म्हटलेला आशीर्वाद दुसऱ्यालाही पुरतो, कारण मध्ये त्याला तोडणारे काही झाले नाही. जेवणानंतरच्या प्रार्थनेने मात्र तो संपतो. म्हणून तिसऱ्यावर नवा म्हणायचा, आणि तोच चौथ्यालाही पुरतो. उगाच आशीर्वाद म्हणणे म्हणजे देवाचे नाव व्यर्थ घेणे, ही भीती त्यामागे आहे.

आश्केनाझी बाजूचा आधार तालमूदच्या एका वेगळ्याच चर्चेत सापडतो. त्या काळी सम संख्येत पिणे धोक्याचे मानत. दोन किंवा चार पेले प्यायले की दुष्ट शक्तींची बाधा होते, असा समज होता. मग ऋषींनी चार पेले लावून दिले कसे? रब्बी नहमान म्हणाले की ही रात्र देवाच्या रक्षणाखाली आहे. रवीना यांचे उत्तर असे की हे चार पेले स्वातंत्र्याची रीत म्हणून ठरवले आहेत आणि त्यातला प्रत्येक पेला हे स्वतंत्र कर्तव्य आहे. म्हणजे चारांची बेरीज करायचीच नाही, चार वेळा एकच मोजायचा. ते जर स्वतंत्र, तर प्रत्येकाला आपला आशीर्वाद हवा, असे आश्केनाझी पंडितांनी ठरवले. निर्णय दोन झाले तरी दोघांनीही रवीनांचे वाक्य मानले आहे, आणि मला ते सगळ्या विषयाची किल्ली वाटते.

तिसऱ्या पेल्याबद्दल फार बोलायला नको. तो जेवणानंतरच्या प्रार्थनेचा पेला. सर्वांना अन्न देणारा, दिलेली भूमी, यरुशलेमची उभारणी, आणि चांगला असून चांगलेच करणारा, असे चार आशीर्वाद त्यावर येतात. सणाच्या स्मरणाची एक प्रार्थना मध्ये जोडतात. महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. पहिल्या तीन पेल्यांच्या मधल्या वेळात हवे तर आणखी प्यावे, पण तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये पिऊ नये, असे मिश्ना सांगते. यरुशलेमी तालमूद कारण देतो की जेवणासोबतचा द्राक्षारस चढत नाही, जेवणानंतरचा चढतो. आणि अजून हल्लेल पुरे व्हायचे आहे. चढलेल्या माणसाच्या तोंडून वचन पुरे होणार नाही, म्हणून ही बंदी.

यामुळेच इथे झालेली चूक सुधारणे अवघड होते. तिसरा पेला रेलायचे विसरून प्यायला, आणि मागाहून आठवले, तर काय? शुल्हान आरुखचे लेखक योसेफ कारो म्हणतात की पुन्हा रेलून प्यावा. पोलंडचे मोशे इस्सर्लिस म्हणतात की पिऊ नये, कारण पाहणाऱ्याला चारांचे पाच झाल्यासारखे दिसतील.

चौथ्या पेल्यावर हल्लेल पूर्ण होते, 115 ते 118 ही स्तोत्रे आणि नंतर महास्तुती म्हणून ओळखले जाणारे 136 वे. जेवणाआधीच्या दोन स्तोत्रांचे तोंड मिसरकडे होते, या भागाचे तोंड पुढच्या काळाकडे आहे. मिश्ना शेवटी ‘गीताचा आशीर्वाद’ म्हणा असे सांगते आणि तो कोणता ते सांगत नाही. बाबिलोनी पंडितांत त्यावर दोन मते पडली, आणि पुष्कळ परंपरांत आज दोन्ही म्हणतात. मग पेला पितात, आणि द्राक्षारसानंतरचा एक आशीर्वाद म्हणून सगळे संपते. तो आशीर्वाद म्हणण्यासाठी पूर्ण रेविईत पोटात जायला हवा. म्हणून चौथा पेला बराचसा पिऊन भागत नाही, तो संपवायचा असतो.

चार पेले कशाची आठवण म्हणून, या प्रश्नाला आपण आता येतो आहोत, याचेही कारण आहे. मिश्ना हे सांगतच नाही. ती प्रत्येक पेल्याला एक पाठ देते आणि गप्प राहते. कारणांची चर्चा यरुशलेमी तालमूदमध्ये सुरू होते, म्हणजे दोनेक शतकांनंतर, आणि तिथे एक नाही, चार उत्तरे आहेत. रब्बी योहानान म्हणतात, निर्गमच्या सहाव्या अध्यायात देवाने दिलेली चार वचने: मी तुम्हांला ओझ्याखालून बाहेर काढीन, दास्यातून वाचवीन, हात उभारून सोडवीन, आणि आपली प्रजा करून घेईन. रब्बी यहोशुआ बेन लेवी योसेफाच्या कथेकडे बोट दाखवतात. तुरुंगात प्यालेबरदाराने स्वप्न सांगितले आणि योसेफाने त्याचा अर्थ लावला, तेव्हा फारोच्या पेल्याचा उल्लेख चार वेळा आला. रब्बी लेवी म्हणतात, इस्रायलला छळणारी चार साम्राज्ये. इतर ऋषी म्हणतात, देव राष्ट्रांना शिक्षेचे चार पेले पाजील, आणि तितकेच सांत्वनाचे पेले इस्रायलला.

आजच्या पुस्तिकांत यातले पहिलेच उत्तर टिकले आहे, आणि पुष्कळदा प्रत्येक पेल्याखाली एक वचन छापलेले असते. तालमूदमध्ये अशी जोडी लावलेली नाही. तिथे चार वचने एकत्र आणि चार पेले एकत्र आहेत. पहिल्या पेल्यावर दिवस पवित्र केला जातो, ओझ्यातून सुटका सांगितली जात नाही. ती सांगायची जागा दुसरा पेला आहे. मला चारही उत्तरे सोबत ठेवावीशी वाटतात. योसेफ तुरुंगात आहे, साम्राज्ये चालू आहेत, वचन दिलेले आहे आणि न्याय अजून व्हायचा आहे. कथा सांगणाऱ्याला यांपैकी काहीही टाकून देता येत नाही.

वचनांच्या बाजूने एक अडचणही येते. त्याच अध्यायात पाचवे वचन आहे, मी तुम्हांला त्या देशात नेईन. त्याचा पेला कुठे? तालमूदच्या एका पाठभेदात रब्बी तारफोन पाचव्या पेल्यावर महास्तुती म्हणायला सांगतात. मैमोनिदेसने तो ऐच्छिक मानला. पुढे टेबलावर एलिया संदेष्ट्यासाठी एक पेला भरून ठेवायची चाल पडली. 1948 मध्ये इस्रायल राष्ट्र उभे राहिल्यावर रब्बी मनाहेम काशेर यांनी पाचवा पेला आता प्यावा असे सुचवले. ते सर्वमान्य झाले नाही.

एलियाचे नाव निघाले की आपल्या कोकणची आठवण येणारच. बेने इस्रायल समाजात एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या खुणा दाखवतात. या समाजासाठी सेदरची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 साली निघाली आणि आपल्या पुण्यात 1874 साली चित्रांसह छापली गेली. म्हणजे पहिल्या पेल्यापासून चौथ्यापर्यंतची ही सगळी वचने मराठीत येऊन दीड शतकाहून अधिक काळ झाला.

पण द्राक्षारस कोठून आणायचा? कोकणातल्या घरांनी ही गरज काळ्या मनुकांच्या शरबताने भागवली, आणि शब्बाथच्या किद्दुशलाही तेच वापरले. शास्त्राला ते मान्य आहे, पण अटीसह. शुल्हान आरुख सांगतो की मनुकांत स्वतःचा ओलावा असला पाहिजे. भिजवण्याआधी दाबली तर मधासारखा रस सुटला पाहिजे. कोरडी ठक्क मनुका, जिच्यातून पाण्यात ठेवल्यावरच काही निघते, ती चालत नाही. पुढच्या पंडितांनी प्रमाणही घातले: पाण्याच्या एक षष्ठांशाहून मनुका जास्त हवी, नाहीतर उरते ते नुसते गोड पाणी, आणि त्यावर वेलीच्या फळाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. मनुका घेताना एखादी बोटांत दाबून पाहावी. बोट चिकट झाले तर ती योग्य.

पाच मोठ्या माणसांचे घर धरा आणि पेला 100 मिलिलिटरचा. चार पेल्यांप्रमाणे एका रात्रीचे दोन लिटर झाले. इस्रायलबाहेर सेदर दोन रात्री मांडतात, म्हणून गाळलेले शरबत चार लिटर हवे. सफार्दी रीतीने म्हणायचे तर त्यावर वेलीच्या फळाचा आशीर्वाद रात्री दोनदा येईल. आणि दुसऱ्या रात्री चारही पेले नव्याने, पहिल्या उच्चारापासून.